'दुसरी ओळ' नावाची ब्रँच

काकांना ऑफिसात पाठीमागे सगळे 'कानामात्रा' म्हणायचे. ते नाव मीच ठेवलं होतं. चहाच्या मशीनपाशी उभी राहून एकदा सहज म्हणाले आणि आठवड्याभरात अख्ख्या ऑफिसच्या तोंडी बसलं. त्या काळी मला त्याचा अभिमान वाटायचा. माझ्या हातून सर्वांच्या लक्षात राहील असं दुसरं काही फारसं झालेलं नव्हतं.

काका बावीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढायच्या, हेच काम. छापखान्याने ते काम बंद केलं तेव्हा त्यांचं वय चव्वेचाळीस. त्या वयात माणूस एखादी एजन्सी घेतो, नाहीतर मेहुण्याच्या दुकानात जाऊन बसतो. काकांनी प्रोग्रॅमिंगच्या क्लासला नाव घातलं. क्लासमधली पोरं त्यांना सर समजून उठून उभी राहायची म्हणे. दोन वर्षं चिकाटीने शिकून ते आमच्याकडे लागले. मीही त्याच दिवशी लागले. दोघांचाही वर्षाचा करार होता, शेजारी शेजारी टेबलं होती.

आम्ही नऊ माणसं. पॅथॉलॉजी लॅबसाठी प्रोग्रॅम बनवायचो. रक्त तपासलं की त्याचा रिपोर्ट त्यातून छापून निघायचा. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, खाली टायरचं दुकान, त्यामुळे दुपारभर रबराचा वास. सर, म्हणजे आमचे मालक, मूळचे विक्रीतले. माणसाला पाच मिनिटांत गुंडाळतील, पण कॉम्प्युटरपुढे बसवलं की घाबरायचे. घाबरले की चिडायचे, आणि चिडले की कुणाचा तरी चारचौघांत पाणउतारा करायचे. मग त्यांना बरं वाटायचं.

काकांची कामाची पद्धत बघून हसू आवरणं कठीण होतं. ते कोड कागदावर छापून घ्यायचे. मग एक पोलादी पट्टी घ्यायची, ती ओळीखाली धरायची आणि शेवटच्या ओळीपासून पहिल्या ओळीकडे वाचत जायचं. उलटं का, असं मी एकदा विचारलं.

"अगं, सरळ वाचलं की अर्थ लागतो," ते म्हणाले, "आणि अर्थ लागला की डोळा पुढे पळतो. चूक मागे राहते."

ऑफिसच्या ग्रुपवर ते 'हो' लिहायचे तरी पुढे पूर्णविराम द्यायचे. कुणी 'उद्या सूट्टी' लिहिलं तर 'सु' ऱ्हस्व आहे असं खाली नम्रपणे कळवायचे. आम्ही मुद्दाम चुकीचं लिहायचो आणि ते किती मिनिटांत दुरुस्त करतात याच्या पैजा लावायचो. ते कधी चिडले नाहीत. मला वाटतं, त्यांना ते चिडवणं आहे हेच कळलं नसावं. माणूस एवढा सरळ असला की त्याचा राग येतो. मला तरी यायचा.

आमचा टीम लीड दुसरीकडे गेला आणि एक जागा रिकामी झाली. कायमची जागा. सरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "एकच जागा आहे. महिनाअखेर तुमच्यापैकी एकजण कायम, दुसऱ्याचा करार संपला." हे सांगताना ते मजेत होते. दोन माणसं त्यांच्या तोंडाकडे बघतायत हे त्यांना आवडत असणार.

काका सेहेचाळीसचे, मी एकोणतीसची. मला ही नोकरी गेली तर दुसरी मिळाली असती, महिना गेला असता इतकंच. काकांना मिळाली नसती. हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे मागाहून शहाणपण सुचलं असं मी म्हणणार नाही.

त्याच महिन्यात आमच्या सर्वांत मोठ्या लॅबच्या डॉक्टरीणबाईंची तक्रार आली. पेशंटचं नाव लांबलचक असलं की ते रिपोर्टवर दोन ओळींत जायचं, आणि त्या दुसऱ्या ओळीच्या खालची ओळ छापलीच जायची नाही. त्या ओळीत तपासणीचा आकडा असायचा. मोठ्या नावाच्या माणसाला साखर किती ते कळायचंच नाही. चार जणांनी बघितलं होतं, कुणाला सापडलं नाही. काकांनी साठ रिपोर्ट छापून घेतले, पट्टी धरून खालून वर वाचले आणि तिसऱ्या दिवशी दोष नेमका कुठे आहे ते सांगितलं. दुरुस्तीही त्यांनीच केली. बाई ती बघायला शुक्रवारी साडेअकराला येणार होत्या.

शुक्रवारीच काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. काकांनी पंधरा दिवस आधी रजा मागून ठेवली होती. सर म्हणाले, "जा, पण काम सर्व्हरवर टाकून जा. दाखवायचं काम ही करेल."

इथे थोडं सांगायला हवं. आमचं सगळं काम गिट नावाच्या प्रोग्रॅममध्ये ठेवलेलं असायचं. प्रत्येकाच्या मशीनवर त्याची स्वतःची प्रत, आणि सामाईक प्रत सर्व्हरवर. सर्व्हर म्हणजे जिन्याखालच्या कपाटातला एक जुना डबा. त्यात काय आहे ते ब्राउझरमध्ये उघडून बघायची सोय नव्हती, जे विचारायचं ते कमांड देऊनच. एखादी दुरुस्ती करायची तर मूळ कामाला धक्का न लावता तिची वेगळी ब्रँच काढायची. ब्रँच आपल्या मशीनवरून सर्व्हरवर ढकलायची, त्याला पुश म्हणायचं. दुसऱ्याने आपल्या मशीनवरून सर्व्हरकडे जाऊन नवीन काय आलंय ते विचारून आणायचं, ते फेच. विचारलंच नाही तर आपल्या मशीनला काही कळत नाही. सर्व्हर स्वतःहून सांगायला येत नाही.

सकाळी साडेनऊला मी आल्या आल्या सर्व्हरवरून सगळं आणलं होतं, रोजच्यासारखं. काका तेव्हा त्यांच्या जागेवर शेवटचा कागद वाचत बसले होते. पावणेअकराच्या सुमाराला ते उठले, काकूंची फाइल पिशवीत घातली आणि माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. त्यांच्या टपोऱ्या अक्षरात ब्रँचचं नाव: dusri-ol. पुढे अर्थातच पूर्णविराम.

"पूर्णविराम टाइप करू नकोस हं," ते हसून म्हणाले. "आत्ताच पुश केलंय. फेच करून घे, आणि मग चेकआउट."

मी मान हलवली. कानांत इअरफोन होते. ऐकू मात्र आलं होतं.

बाई आल्या. सरांच्या केबिनमध्ये मोठ्या पडद्याला माझा लॅपटॉप जोडला. सरांनी हवापाणी, रहदारी, बाईंच्या नव्या शाखेचं अभिनंदन असं सगळं उरकलं आणि मला म्हणाले, "दाखव." मी ब्रँचवर जाण्याची, म्हणजे चेकआउटची, कमांड टाइप केली. पडद्यावर आलं:

error: pathspec 'dusri-ol' did not match any file(s) known to git

"फाइल?" सर म्हणाले. "आपण फाइल कुठे मागितली?"

ती त्या प्रोग्रॅमची बोलायची तऱ्हा. दिलेलं नाव तो आधी ब्रँच म्हणून शोधतो; आपल्या यादीत सापडलं नाही की फाइलचं असेल असं समजून शोधतो; तेही नाही सापडलं की असल्या नावाची फाइल मला माहीत नाही म्हणतो. मी चिठ्ठी बघून एकेक अक्षर पुन्हा टाइप केलं. तेच आलं. मधली रेघ काढून बघितली. शेवटी आणखी एक अक्षर जोडून बघितलं.

"अहो, नावच चुकीचं लिहिलंय की काय त्यांनी?" सर बाईंकडे वळून म्हणाले. "आमचे हे गृहस्थ बावीस वर्षं लोकांचं शुद्धलेखन तपासायचे बरं का!"

बाई हसल्या. मीही हसले. केबिनच्या काचेपलीकडे दोघंतिघं माना वर करून बघायला लागले.

मग मी माझ्याकडच्या सगळ्या ब्रँचेसची यादी काढली, सर्व्हरवरच्या धरून. यादीत dusri-ol नव्हती. यादी साडेनऊची होती, सकाळी आणलेली. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं, नाही आलं. सर मानगुटीवर बसले होते, बाई घड्याळ बघत होत्या. त्या क्षणापर्यंत मी निव्वळ बावळट होते, आणि ते सांगायला मला आवडतं, कारण पुढचं सांगण्यासारखं नाही.

"सर, सर्व्हरवर नाहीच आहे," मी म्हणाले.

सरांनी फोन स्पीकरवर लावला. काकांनी चौथ्या रिंगला उचलला. मागे कुणीतरी पेशंटची नावं पुकारत होतं.

"काय हो, काम न टाकताच पळालात?"

"नाही सर. पुश केलंय मी. दहा अडतीसला." आवाज दबका होता. "तिने फेच केलं का, विचारता का जरा?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. बाईंनी बघितलं. काचेपलीकडच्यांनीही. तेव्हा मला कळलं. लख्ख कळलं, की मी फेच केलेलं नाही, की एका कमांडचं काम आहे, की आत्ता केलं तर दहा सेकंदांत ब्रँच येईल आणि मग हसतील ते मला. बावीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस बरोबर आणि कायम व्हायला निघालेली मी चूक, तेही सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकासमोर.

"हो काका, केलं," मी म्हणाले.

पलीकडे पुन्हा कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं.

"मग माझंच राहिलं असेल," काका म्हणाले. "घाईत... सॉरी सर. मॅडमना पण सॉरी सांगा."

"सॉरीचं काय लोणचं घालू?" सर ओरडले. "बायकोचा डोळा नीट करताय, आधी स्वतःचे तपासून घ्या!" आणि फोन आपटला. एवढं बोलल्यावर त्यांचा चेहरा खुलला. बाईंना सोमवारचा वायदा करून त्यांनी लिफ्टपर्यंत पोचवलं.

मी जागेवर येऊन फेच केलं. पडद्यावर एक ओळ उमटली: नवीन ब्रँच, dusri-ol. आत काकांचं नाव, आजची तारीख, वेळ दहा अडतीस. खाली त्यांनी लिहिलं होतं, 'लांब नावाखालील ओळ आता छापली जाते.' पूर्णविरामासकट. मी चालवून बघितलं. सगळ्यांत लांब नाव टाकलं, चार शब्दांचं, वर उपाधी. आकडा छापला गेला. सगळं अगदी चोख होतं.

केबिनचं दार उघडं होतं. उठून आठ पावलं चालायची आणि सांगायचं, सर, माझी चूक झाली. सरांनी फाडून खाल्लं असतं, दहा मिनिटं. मी उठले नाही. उठेन उठेन म्हणत साडेबारा वाजले, मग जेवणाची सुट्टी झाली, आणि जेवताना सगळे कानामात्राचे किस्से सांगायला लागले. तेव्हा मीही एक सांगितला. माझ्या किश्श्याला सर्वांत जास्त हसले.

दुपारी मी त्यांच्या ब्रँचमधल्या बदललेल्या ओळी, सगळ्या मिळून एकवीस, उचलल्या आणि माझ्या नावाने काढलेल्या ब्रँचमध्ये ठेवल्या. त्यांची ब्रँच सरळ जोडून घेतली असती तर त्यांचं नाव सोबत आलं असतं. गिट ते विसरत नाही. म्हणून हाताने उतरवलं. त्यांचं वाक्य बदलून माझं लिहिलं आणि शेवटचा पूर्णविराम दिला नाही. मग सर्व्हरवरची dusri-ol पुसून टाकली. त्यालाही एकच कमांड लागते. चार वाजता सरांना दाखवलं.

"तू केलंस? अर्ध्या दिवसात?"

"हो सर. त्यांच्यासाठी थांबून चाललं नसतं."

सरांनी बाईंना तिथल्या तिथे फोन लावला. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "सोमवारपासून तू कायम. आणि त्यांचं मशीन उद्या साफ करून ठेव, नवीन माणूस येतोय." त्यांनी काकांना फोनही केला नाही. ऑफिसातल्या हिशेबनीस बाईंकडून करार संपल्याचा एक मेल पाठवला, चार ओळींचा, त्यात शुद्धलेखनाच्या सहा चुका. मी मोजल्या.

दुसऱ्या दिवशी शनिवारी सकाळी मी काकांच्या जागेवर पेनड्राइव्ह लावून बसले होते. मशीनची पाटी कोरी करायची. पडद्यावर प्रश्न आला होता, सगळं पुसू का, आणि 'हो' वर एंटर दाबायचं बाकी होतं. तेवढ्यात काका आत आले. इस्त्रीचा शर्ट, हातात रिकामी पिशवी. काकूंचं ऑपरेशन छान झालं, असं मी न विचारताच त्यांनी सांगितलं.

"सामान न्यायला आलो," ते म्हणाले. आणि मग, "अगं, एक करू का? एकच कमांड मारून बघतो. माझ्या मशीनवर ब्रँचची यादी काढली की कळेल. पुश झालं असेल तर सर्व्हरवरची म्हणून तिथे नोंद असते. सरांना दाखवायचं नाहीये मला. नुसतं बघायचंय."

तिथे नोंद होती. सर्व्हरवरून मी ब्रँच पुसली होती, पण त्यांच्या मशीनला ते कळलेलं नव्हतं. त्याने कालपासून कुणाला काही विचारलंच नव्हतं. पेनड्राइव्ह काढून मशीन पुन्हा चालू करायचं, की दोन मिनिटांत काका बरोबर ठरले असते. त्या ढिम्म यंत्रात काकांच्या बाजूने साक्ष देणारं जगातलं शेवटचं काहीतरी शिल्लक होतं.

"सुरू झालंय काका," मी म्हणाले. "मध्येच थांबवलं तर मशीन बिघडेल."

"अच्छा, अच्छा. नको मग. राहू दे."

ते खाली वाकून ड्रॉवरमधून पोलादी पट्टी काढायला लागले. पट्टी कुठेतरी अडकली होती, दोनदा ओढावी लागली. त्यांचं डोकं खाली असताना मी एंटर दाबलं. ते वर आले तेव्हा पडद्यावर चार टक्के झाले होते. आम्ही दोघांनी मिळून ते वीस टक्क्यांपर्यंत बघितलं.

"चल, येतो," ते म्हणाले. "तुझं काम छान झालं म्हणे. अभिनंदन."

आठ महिन्यांनी मी पासपोर्टच्या कागदांच्या प्रती काढायला एका दुकानात शिरले. टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन. काउंटरमागे काका. दुकान त्यांच्या मेहुण्याचं. मला बघून त्यांचा चेहरा इतका फुलला की मी परत फिरूच शकले नाही. आत स्टुलावर काकू बसल्या होत्या, काळा चष्मा, मांडीवर निवडायची भाजी.

"ही बघ, मी सांगत होतो ना, ती हीच," काका म्हणाले.

काकूंनी मला बसायला स्टूल सरकवलं. काका मशीनपाशी गेले तशा त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही भेटलात बरं झालं. हे फार बदललेत हो. घराला कुलूप लावून जिन्यावरून परत वर जातात, लागलंय का बघायला. चार-चार वेळा. गॅस बंद आहे का मला विचारतात, मग माझ्यावरही विश्वास नाही, स्वतः बघतात, आणि बघून आल्यावर म्हणतात, नक्की बघितलं ना मी? असे नव्हते हो. त्यांच्या हातून कधी काही राहायचं नाही."

मी परातीतली एक काडी उचलून निवडायला लागले.

काका प्रती घेऊन आले. एकेक पान वर धरून त्यांनी चारही कडा तपासल्या, मग पुन्हा पहिल्या पानापासून तपासल्या, मग तिसऱ्यांदा. काउंटरच्या कोपऱ्यात कागदांचा जाड गठ्ठा होता.

"हे काय, मुद्रितं?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"हो ना. जुन्या प्रेसवाल्यांनी पाठवलंय, तपासायचं काम पुन्हा सुरू केलंय त्यांनी. शब्दकोश काढतायत, सहाशे पानं. म्हणतात, तुमच्याशिवाय कुणाला देणार? पुढेही काम देत राहू म्हणतात, कायमचं." ते गठ्ठ्यावरून हात फिरवत होते. "तीन आठवडे झाले, पहिल्या पानाच्या पुढे गेलो नाही. वाचतो, बरोबर वाटतं, आणि वाटतं, त्या दिवशीही बरोबरच वाटलं होतं."

"अहो, एवढी मोठी गोष्ट नव्हती ती," मी म्हणाले.

"नसेल. पण मी तो एरर नंतर नीट वाचला बघ. पाठच आहे मला. त्यात 'नाही' असं कुठे म्हटलेलंच नाही. 'गिटला माहीत असलेल्यांत सापडलं नाही', एवढंच म्हणतं ते. आणि माहीत कधी नसतं? फेच केलेलं नसलं की. ब्रँच सर्व्हरवर असते, फक्त आपण विचारायला गेलेलो नसतो. मेसेज शब्दाला शब्द तोच येतो." ते बोलत होते तेव्हा काही क्षण पूर्वीचे काका दिसले, कागदावर पट्टी धरलेले. मग ते माझ्याकडे वळले. "म्हणून विचारतो. रागावू नकोस. आता त्यावर कुणाची नोकरी नाही की काही नाही, तुझी तर नाहीच. मला फक्त ह्या गठ्ठ्याचं ठरवायचंय. त्या दिवशी तू फेच केलं होतंस ना? नक्की?"

काकूंचे हात थांबले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मेहुणा बाहेर गेलेला होता. एवढी सोपी जागा मला कुणी पुन्हा देणार नव्हतं, हे मला कळत होतं. काय झालं असतं? काका काही ओरडले नसते. कदाचित 'असं होय' म्हणाले असते. काकूंनी मात्र त्या काळ्या चष्म्यातून माझ्याकडे बघितलं असतं. मला ते बघणं नको होतं. एका बाईने काही क्षण माझ्याकडे कसं बघावं, याच्यासाठी मी त्या माणसाचे डोळे दुसऱ्यांदा काढून घेतले.

"केलं होतं काका," मी म्हणाले. "दोनदा केलं. मलाही वाटत होतं सापडावं."

"तेच मी हिला म्हणतो," ते काकूंना म्हणाले. "सगळे हसत होते, पण ही शोधत होती." त्यांनी मोठा श्वास सोडला, दुखणारा दात निघाल्यावर सोडतात तसा. "बरं झालं, विचारून टाकलं. आठ महिने मनात होतं, की न जाणो, कदाचित..."

त्यांनी गठ्ठा ओढला, सुतळीने उभा-आडवा बांधला, गाठ ओढून बघितली, पुन्हा बघितली. वर एक चिठ्ठी लिहिली, टपोऱ्या अक्षरात: 'माझ्याकडून होणार नाही. क्षमस्व.'

"तू चौकाकडेच जाणार ना?" त्यांनी विचारलं. "कोपऱ्यावरच प्रेस आहे. जाता जाता एवढं देशील का?"

गठ्ठा जड होता. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि नेऊन दिला.